आकृती तीनखालची ओळ

मी स्वभावानं संशयी बाई आहे. भाजीवाल्याचा तराजू आधी रिकामा बघते, मगच त्यात वांगी पडू देते. घरात यावरून माझी पुष्कळ टिंगल होते, पण कीटकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आणि त्या धंद्यात हा स्वभाव कामी आला. पानावरचं भोक अळीनंच पाडलं असेल हे मी कधी मानून चालले नाही. माणसांच्या बाबतीत मात्र या स्वभावानं माझा एकदा चांगलाच घात केला. ती गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

कपाशीवरच्या बोंडअळीनं वऱ्हाडाची झोप उडवली होती ती वर्षं. मी अमरावतीच्या एका कृषी महाविद्यालयात होते. त्या सुमारास माझा एक शोधनिबंध खुल्या परवान्याखाली छापून आला. त्यातली तिसरी आकृती म्हणजे दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे फवारलेल्या प्लॉटमधलं चिरलेलं बोंड, उजवीकडे न फवारलेल्या प्लॉटमधलं. दोन्ही बोंडं आतून सारखीच स्वच्छ, पांढरी. मला सांगायचं होतं ते एवढंच की इतक्या लवकर, अळी यायच्या आधीच फवारून काही साधत नाही. न फवारलेलं बोंडही तेव्हा निरोगीच असतं.

परवाना होता सीसी बाय ४.०. म्हणजे हे चित्र कुणीही घ्यावं, छापावं, धंद्यासाठीसुद्धा वापरावं. अट एवढीच की कुणाचं आहे, कुठून घेतलं आणि कुठल्या परवान्याखाली आहे ते लिहायचं, आणि काही बदल केला असेल तर तसं सांगायचं. तो परवाना मी मुद्दाम निवडला होता. कुलूप लावलेलं ज्ञान शेतकऱ्याच्या काय कामाचं, असं तेव्हा मी वर्गात मोठ्या तोऱ्यात म्हणायची.

त्याच तोऱ्यात मी अकोल्याला एका कार्यशाळेत बोलले. शेतीच्या पुस्तिका आणि पत्रकं तयार करणारी मंडळी समोर होती. आपल्याकडे चित्राखाली ‘साभार : इंटरनेट’ लिहिलं की लोकांना गंगेत न्हाल्यासारखं वाटतं, त्यावर मी तोंडसुख घेतलं. फळ्यावर चार शब्द लिहिले : शीर्षक, कर्ता, स्रोत, परवाना. खाली पाचवा : बदल. जठारपेठेत अक्षरजुळणीचं छोटं दुकान असलेला एक चाळिशीचा माणूस पुढच्या रांगेत होता. मुसलमान, वडील एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचे असं त्यानं ओळख करून देताना सांगितलं. त्यानं सगळं वहीत उतरवलं आणि विचारलं, चित्र नुसतं मोठं केलं तर बदल लिहायचा का, आणि कापलं तर? मी म्हटलं, नुसत्या आकाराचं नाही लिहिलं तरी चालेल, पण कापलं तर लिहायचंच. इतकं खोदून विचारतोय म्हणजे हा पळवाट शोधतोय, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या हंगामात तेल्हाऱ्याकडचे एक शेतकरी थेट महाविद्यालयात माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात घडी पडलेलं रंगीत पत्रक. कुठल्याशा फवारणीच्या औषधाची जाहिरात, मधोमध माझं चिरलेलं बोंड आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ. आकृतीचं शीर्षक, ‘फवारलेल्या आणि न फवारलेल्या प्लॉटमधील बोंडे’. माझं पूर्ण नाव. नियतकालिकाचं नाव आणि निबंधाचा दुवा. शेवटी सीसी बाय ४.० आणि परवान्याचा दुवा. सगळं जिथल्या तिथं. बोंड मात्र एकच, डावीकडचं.

त्यांनी त्या ओळीतलं फक्त माझं नाव वाचलं होतं. त्यात त्यांची चूक नाही. आमच्याकडे औषधाच्या पत्रकाखाली कृषी महाविद्यालयातल्या मॅडमचं नाव असणं म्हणजे शिफारस. तिथं दुसऱ्या कशासाठी नाव छापल्याचं कुणी पाहिलेलंच नाही.

“तुमी सांगतलं म्हून फवारलं,” ते म्हणाले. “आता बोंडात अळी कावून हाय?”

मी त्यांना समजावू लागले, परवाना, श्रेयओळ, अर्धं चित्र. ते ऐकत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, एखाद्याची लबाडी पकडल्यावर बघतात तसे. मला राग आला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

दोन दिवसांत ते पत्रक प्राचार्यांच्या टेबलावर होतं. या कंपनीशी तुमचा काय संबंध, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मग नाव कसं? आठवड्याच्या आत लेखी खुलासा द्या, आणि तो मान्य होईपर्यंत शेतकरी मेळाव्याला जायचं नाही. वीस वर्षं ज्या शिवारांत हिंडले तिथं जायची बंदी. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणी थांबायची, निदान मला तसं वाटायचं. कंपनीला माझं नाव कुणी पुरवलं, म्हणून शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यावर माझा संशय गेला, मग शिपायावर. शेवटी पत्रकाच्या तळाला छापलेल्या जुळणीवाल्याच्या पत्त्यावर नजर गेली. जठारपेठ, अकोला.

सकाळच्या एसटीनं मी गेले. तोच पुढच्या रांगेतला माणूस. मला बघून त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही मला संशय आला. त्यानं खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

तो म्हणाला, औषध कंपनीच्या शेठजींनी चित्र पाठवलं तेव्हा खाली काहीच नव्हतं. त्यानं शोधून माझा निबंध काढला, परवाना वाचला आणि ओळ लावली. “मॅडम, तुमीच तं सांगतलं होतं, कोनाचं नाव खाऊ नका म्हून.” मग कपाटातून त्यानं पहिलं प्रूफ काढलं. तिथं माझ्या ओळीच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं : ‘बदल : मूळ आकृतीचा उजवा भाग वगळला आहे.’ त्या वाक्यावर लाल पेनाची जाड रेघ आणि बाजूला ‘जागा नाही’. रेघ शेठजींची, तो म्हणाला. मग छापलं कशाला, मी विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला की चुकलंच, अडून बसायला पाहिजे होतं.

हे प्रूफ यानं कालच कशावरून बनवलं नसेल? मला खरोखर तसं वाटलं. लाल शाई ओली आहे का म्हणून मी अंगठा फिरवूनही पाहिला. शाई वाळलेली होती.

त्याच्याच संगणकावर आम्ही परवान्याचा अख्खा मजकूर उघडला. दोन वाटा निघाल्या. पहिली : बदल लपवणं म्हणजे अट मोडणं. अट मोडली की वापरायचा हक्क आपोआप संपतो, आणि चूक कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली तर परत मिळतो. म्हणजे शेठजींना कळवायचं की वगळलेल्या भागाचं वाक्य घाला, नाही तर चित्र काढा. दुसरी : मूळ कर्त्यानं मागणी केली, तर शक्य असेल तिथं त्याचं नाव काढून टाकावंच लागतं.

मी दुसरीवर बोट ठेवलं. मला माझं नाव त्या कागदावरून हवं होतं, त्याच दिवशी.

त्यानं नकारार्थी मान हलवली. “नाव काढसान तं चित्र शेठजीचं होते, मॅडम. मंग अर्धं हाय का पुरं, कोन इचारते? नाव राहू द्या अन् त्याईले बदलाचं वाक्य घालाले लावा. तुमी शिफारस करत नाई, हेबी त्यातच लिवू.”

हे ऐकताना माझ्या डोक्यात एकच विचार चालला होता : हा शेठचा माणूस आहे. नाव राहिलं तर जाहिरातीचं वजन राहतं, म्हणून मला गोड बोलून गुंडाळतोय. मी तिथंच बसून शेठजींना पत्र लिहिलं, माझं नाव तत्काळ वगळा. प्रूफची प्रत तो देत होता, ती नको म्हटलं. अमरावतीला परतून प्राचार्यांना खुलासा दिला. त्यात लिहिलं की अक्षरजुळणी करणाऱ्यानं माझ्या परवानगीशिवाय परस्पर माझं नाव टाकलं. ते अक्षरशः खरं होतं. परवान्यानुसार त्याला माझी वेगळी परवानगी लागतच नव्हती, हे मी लिहिलं नाही. त्या एका माणसानं माझं सांगणं शब्दशः पाळलं होतं, हेही लिहिलं नाही.

खुलासा मान्य झाला. खुलाशाची एक प्रत महाविद्यालयानं शेठजींनाही पाठवली, आणि शेठजींनी त्या जुळणीवाल्याकडचं सगळं काम काढून घेतलं. हे मला त्यानंच फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही. तुमचं निपटलं का, एवढं विचारायला त्यानं फोन केला होता. हो, एवढं म्हणून मी फोन ठेवला. प्राचार्यांना दुसरं पत्र लिहायचं मी ठरवलं, आणि आज लिहू उद्या लिहू करत हंगाम गेला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा मेळाव्यांना जाऊ लागले. एकदा परत येताना गुरुकुंज मोझरीला गाडी थांबली. चहा घ्यायला उतरले, तर शेजारच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर नवीन पत्रकांचा गठ्ठा होता. माझं बोंड आता पानभर मोठं झालं होतं. मी फक्त नाव काढायला सांगितलं होतं. त्यांनी शीर्षक, स्रोत, परवाना, सगळी ओळच काढली होती. आधीच्या पत्रकात निदान शीर्षकात ‘न फवारलेल्या’ हा शब्द होता. लक्ष देऊन वाचणाऱ्यानं विचारलं असतं, दुसरं बोंड कुठंय? आता विचारायला जागाच नव्हती. याविरुद्ध मी तक्रार करू शकत होते. पण त्यासाठी हे चित्र माझं आहे असं पुन्हा सांगावं लागलं असतं.

काउंटरपाशी एक म्हातारे गृहस्थ पत्रक डोळ्यांजवळ धरून बघत होते. औषधाचा डबा त्यांच्या पुढ्यात होता. मी न राहवून म्हटलं, काका, हे चित्र अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात न फवारलेलं बोंड आहे आणि तेही असंच स्वच्छ आहे. आत्ता फवारायची गरज नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं. मग पत्रक उलटं केलं, परत सुलटं केलं, चित्राच्या चारी कडा नीट न्याहाळल्या.

“हे कुठं लिवलं हाय, बाई?” त्यांनी विचारलं.

कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी डबा उचलला आणि पिशवीत टाकला.