अकरा ते सोळा

मी छपाईसाठी पानं लावतो. डॉक्टरांसाठी जाडजूड पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या समोरच्या टेबलावर यादीताई बसतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठे उरलेलं नाही. प्रकरणाच्या शेवटी आधारांची जी क्रमवार यादी असते, ती त्या सव्वीस वर्षं तपासताहेत.

काम सांगायला सोपं आहे. लेखकाने एखादं विधान केलं की पुढे चौकटी कंसात आकडा येतो, आणि त्या आकड्याचा मूळ लेख मागे यादीत सापडतो. एका लेखाला एकच आकडा. तोच लेख पुढे दहा वेळा आला तरी त्याला जुनाच आकडा द्यायचा. आणि तीन किंवा जास्त आकडे ओळीने आले की सगळे लिहायचे नाहीत, पहिला आणि शेवटचा लिहून मध्ये छोटी रेघ ओढायची. दोनच असले तर स्वल्पविराम. आमच्या प्रकाशनाची तशी पद्धत आहे. एवढ्यावर कुणी आयुष्य काढतं का, असं मी त्यांना तोंडावर विचारायचो. त्या म्हणायच्या, "तुम्ही पानं सरळ लावा, मग बोला."

परवा आलेलं प्रकरण त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. भाऊ डॉक्टर. यादीताईंनी त्याला लहानपणापासून हाताशी धरून शिकवलेला, त्यामुळे त्याचं नाव पहिल्या पानावर बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला चिडवल्याशिवाय राहवलं नाही. "आता या लेखकाच्या चुका कोण काढणार?" मी म्हणालो. "मीच काढणार. लहानपणीही मीच काढायचे," त्या म्हणाल्या.

प्रकरण सांधेदुखीच्या एका गोळीवर होतं. तीच गोळी त्यांच्या आईला दीड वर्षापासून चालू होती. भावाने लिहून दिलेली, आणि यादीताई रोज सकाळी न चुकता स्वतःच्या हाताने देणार. आईचे गुडघे वळायला लागले होते, म्हातारी जिना चढून शेजारी जायला लागली होती. पाय मात्र दोन-तीन महिन्यांपासून सुजत होते. भाऊ म्हणाला वयोमान आहे, तर ते वयोमान. डॉक्टरच तो.

प्रकरणातलं एक वाक्य त्यांनी मला मुद्दाम वाचून दाखवलं: "वयस्क रुग्णांतही या औषधाने मूत्रपिंडांना अपाय होत नाही [११–१६]." सहा अभ्यास, म्हणाल्या. घरी जाऊन आईला सांगणार होत्या.

दुपारी त्या गप्प झाल्या. एरवी काम करताना पुटपुटतात, ते बंद. मी मान वर केली तर त्या यादीच्या छापील कागदावर पट्टी धरून बसल्या होत्या.

"हे बघा जरा," त्या म्हणाल्या. "अकरा आणि तेरा एकच आहेत."

अकरामध्ये नियतकालिकाचं नाव पूर्ण होतं, तेरामध्ये आखूड केलेलं. खंड तोच, पानं तीच. बारामध्ये पहिल्या लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं पडलेलं. चौदामध्ये साल एकाने कमी, कारण लेख आधी इंटरनेटवर आला आणि मग छापून. पंधरामध्ये शीर्षकातला एक शब्द गळलेला. पाच जागी पाच तऱ्हेने लिहिलेला एकच लेख. पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून चिकटवला असणार, आणि यादी लावणाऱ्या संगणकाला अक्षर बदललं की लेख वेगळाच वाटतो.

आता मी जे बोललो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. पाच नोंदी एक केल्या की पुढचा प्रत्येक आकडा चारने खाली येतो. सतराचा तेरा, विसाचा सोळा, चौसष्टाचा साठ. कुठे [९, ११–१६, २०] होतं तिथे [९, ११, १२, १६] होणार, आणि कुठे [१०, १५–१७] होतं तिथे नव्यानेच [१०–१३] अशी रेघ उगवणार. म्हणजे मी लावलेली सगळी पानं पुन्हा हलणार. माझं डोकंच फिरलं. "जाऊ द्या ना ताई," मी म्हणालो. "भावाचंच प्रकरण आहे. रेघ ओढलेली आहे, आतले आकडे कोण मोजतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी त्यांना दिसत होतो असं वाटलं नाही.

"आईला मी मोजूनच सांगणार होते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सोळा काढला. तो इतरांच्या अभ्यासांचा नुसता आढावा घेणारा लेख निघाला, आणि त्यातही या औषधाबद्दल एकच ओळ होती, तिला आधार पुन्हा तोच अकरावा लेख. म्हणजे [११–१६] चे झाले [११, १२], आणि त्यातला बारावाही अकराच्याच खांद्यावर उभा. शेवटी त्यांनी मूळ लेख उघडला. त्यांचं काम तो वाचायचं नव्हे, पण उघडला. मीही उठून त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो.

एकोणीस रुग्ण. सगळे पन्नाशीच्या आतले. सहा आठवडे.

वयस्क हा शब्द त्या लेखात कुठेच नव्हता. यादीताईंनी पट्टी खाली ठेवली आणि भावाला फोन लावला. आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता की हात चुकून लागला, कोण जाणे, मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे, अकरा ते सोळा तू वाचलेस?"

"सगळे नाही गं. एक सापडला, मग बाकीच्यांच्या याद्यांमधून घेतले. का?"

"पाच एकच आहेत. सहावा त्याच्यावरच लिहिलाय. एकोणीस माणसं, पन्नाशीच्या आतली."

"ताई, आईला आज सकाळी गोळी दिलीस?" त्याने विचारलं.

"दिली."

"बंद कर. पायांची ती सूज मूत्रपिंडांमुळेही असेल. मी निघालोय. तिचं रक्त आजच तपासायला हवं."

त्या पर्स न घेताच उठल्या. मी ती घेऊन जिन्यापर्यंत धावलो. रिकामं टेबल बघवेना, म्हणून मी खाली मान घालून चारने आकडे खाली आणत बसलो. सगळी पानं पुन्हा लावली. कुणाला दोष द्यावा तेच कळेना.

आईच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्यापेक्षा खाली आलं होतं. गोळी थांबवली आहे, थोडं भरून येईल, सगळं येईल असं कुणी म्हणत नाही.

मी चौथ्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेलो. भाऊ आईच्या पलंगाच्या कडेला बसून प्रकरणाची दुरुस्ती सांगत होता आणि यादीताई मांडीवर कागद घेऊन लिहीत होत्या. त्याला ते वाक्यच काढून टाकायचं होतं. त्या नाही म्हणाल्या. किती माणसं, कुठल्या वयाची, किती दिवस, हे सांग, पुढे एकच आकडा घालू, म्हणाल्या. त्याने तसं सांगितलं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"हे कुणाच्या चुकीने झालं गं?" आईने मधेच विचारलं.

"माझ्या," तो म्हणाला. त्याच क्षणी यादीताईही तेच म्हणाल्या. मीही तिथेच उभा होतो, आणि गप्प राहिलो.

म्हातारीने पांघरुणाखालून गुडघा जरा सरळ करून पाहिला. चेहरा कळवळला.

"असू दे. आता हा दुखला की काय घेऊ, तेवढं सांगा," ती म्हणाली.

यादीताईंनी कागद बाजूला ठेवला आणि आईचा गुडघा चेपायला घेतला.