आतून लावलेली कडी

दि. १४ मे १९९५, रविवार. हजर: सोनाआत्या, बाबा आणि मी. स्थळ: नगरचं आमचं स्वयंपाकघर.

पारनेरची सोनाआत्या आमच्याकडे राहायला आली की चूळ भरण्याआधी रात्रीचं स्वप्न सांगायची. चहा पोटात गेला की ते विरतं, असं तिचं म्हणणं. स्वप्नात काष्टीचं माहेरचं घर असायचं. आत्याचे केस पांढरे, पण वारलेली आजी ओसरीवर गहू निवडत बसलेली. मधल्या खोलीमागे कधीच नसलेली आणखी एक खोली निघायची. आत्या चूल पेटवायची आणि भाकरी थापताना मध्येच तिला आठवायचं, घर तर विकलंय. मग विस्तव विझवायचा, कडी लावायची आणि श्वास धरून बसायचं.

रात्री हलकं जेव, कुशीवर झोप, असे उपाय मी सवयीने यादी करून सुचवले. ती म्हणाली, “यादीवाले, सपनाला काय कूस असती व्हय?”

आजोबांमागे आत्याने त्या घरावरची हक्कसोड करून दिली होती. बहिणीने हिस्सा घेतला की माहेर तुटतं, ही आमच्याकडची समजूत. तिने बाबांना एवढंच सांगितलं होतं, “हिस्सा नको, दादा. दिवाळीला दार उघडं ठेव.” पुढे बाबांना नगरला नोकरी लागली आणि त्यांनी घर विकलं. कागदावर आत्याचं नाव उरलं नव्हतं, त्यामुळे तिची सही लागली नाही. म्हणून तिला विचारलंही नाही. कळवायचं राहिलं. भाऊबीजेला ती करंज्यांचा डबा घेऊन काष्टीला उतरली, तर दारात परकी माणसं. त्यांनी पाणी दिलं, नगरचा पत्ता सांगितला. ती नगरला आली, बाबांना ओवाळलं आणि त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. बाबांनीही नाही.

त्या रविवारी स्वप्न सांगताना ती म्हणाली की जिना उजवीकडे होता. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, “डावीकडं हुता. मी रोज बघतो.”

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. बाबांनाही स्वप्नात तेच घर दिसायचं, फक्त बाहेरून. ते घराभोवती फिरायचे. आत चुलीचा वास यायचा आणि दार सापडायचं नाही.

आत्याने कप बाजूला सरकवला. “सापडंल कसं, दादा? आतनं कडी मीच लावलेली असती. मला वाटतं, नवं घरवालं आलं.”

बाबांनी पेपरची घडी केली. चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, “एकदा जाऊन येऊ दोघं. तिथंच बोलतो.”

मी लगेच लिहून घेतलं: काष्टी, दोघांना नेणे, घरवाल्यांना आधी विचारणे. घरवाले या म्हणाले. पण आधी आत्याच्या शेतातली बाजरी, मग बाबांचे गुडघे असं करत दिवस गेले, आणि थंडीत आत्या झोपेतच गेली.

घरवाल्यांचा निरोप अधूनमधून येतो, कधी येताय? मी दर महिन्याला नवी यादी करते आणि ती ओळ पुन्हा उतरवते: बाबांना काष्टीला नेणे.