ग्रुपवरचा अबोला

लतिकाबाई लहान असताना त्यांच्या साताऱ्याकडच्या घरात दोन काकूंचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. लतिकाबाईंनी ते माजघरात शेंगा फोडता फोडता ऐकलं. थोरली काकू रुसून माहेरी गेली होती. परत येऊन बघते तर लोणचं घालून झालेलं.

"मला न विचारता?"

"गेलात तर गेलात. कैऱ्या काय तुमच्यासाठी झाडावर थांबणार होत्या?" धाकटी म्हणाली.

लतिकाबाईंना थोरलीचं पुढे कितीदा तरी हसू आलं. आपणही तसंच वागू हे मात्र कधी मनात आलं नाही.

त्यांचं लग्न झालं ते एअर फोर्सातल्या सदाशिवरावांशी. बदल्यांमागून बदल्या झाल्या आणि शेवटी दोघं लखनौला तेलीबागेत स्थिरावली. एका बदलीत नव्या गावात पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी दोघांनी नुसत्या बिस्किटांवर भागवलं होतं. त्यानंतर बाईंनी एक रीत धरली. बदली होऊन कुणीही मराठी घर लखनौला आलं की पहिल्या दिवशीचा डबा त्यांचा. पोळ्या, उसळ, भात आणि झाकणात चिमूटभर चटणी. सदाशिवराव गेल्यावरही ती रीत चालू राहिली. खरं सांगायचं तर त्या रीतीनेच बाईंना चालतं ठेवलं.

कोण कधी येणार हे मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळायचं. ग्रुपची ॲडमिन दीप्ती. तिचा नवरा मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात इंजिनिअर, आणि तीही नोकरी करायची. कोरोना सरून वर्ष झालं असेल, तेव्हा तिने ग्रुपवर लिहिलं, "सकाळी सकाळी फुलांचे फोटो टाकू नका. कामाचे मेसेज बुडतात." नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण रोज जास्वंद कोण टाकतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी ग्रुप सोडला. मनात हिशोब साधा होता. चार दिवस रुसावं, कुणी समजूत काढली की परत जावं, घर काय कुठे जातंय? जुन्या गप्पा फोनमध्ये तशाच दिसत होत्या, त्यामुळे आपण बाहेर आहोत असं वाटायचंही नाही. नवीन तेवढं काही येईना.

मग आलमबागेच्या बाजारात ग्रुपमधली विभा भेटली. "काकू, त्या स्नेहाकडे डबा नाही नेलात? बिचारे भैयाच्या गाड्यावरचे छोले खाऊन झोपले."

"कोण स्नेहा?"

"अहो, ग्रुपवर होतं की."

बाईंनी घरी येताच दीप्तीला निरोप धाडला, घे मला परत. तिने लगेच घेतलं. बाई जुन्या गप्पांच्या खाली स्नेहा शोधायला लागल्या. रुसण्याआधीचं सगळं होतं. मधलं काही नाही. बरं, विचारावं तर लिहायची जागाच गायब, तिथे 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' असं. त्यांनी फोन लावला. दीप्ती ऑफिसात होती, घाईत म्हणाली, "काकू, बोलणं बंद केलंय मी. नंतर सांगते."

बोलणं बंद. आपल्याशी अबोला. म्हणजे मधले निरोप तिनेच पुसले आणि आपल्या तोंडाला कुलूपही तिनेच लावलं. आता पुढचं घर येईल आणि आपल्याला कळणारही नाही. बाईंना संध्याकाळचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या ई-रिक्षा करून थेट मानक नगरला गेल्या.

"बोलायचं नसेल तर तोंडावर सांग."

दीप्ती गोंधळली आणि मग हसायला लागली. "काकू, तुमच्याशी कशाला? ग्रुपवरचं बोलणं बंद केलंय, सगळ्यांचंच. तुम्ही गेल्यावर विनयाकाकूंनी सूर्योदयाचे फोटो सुरू केले."

"आणि मधले निरोप?"

"ते तुमच्या फोनवर आलेच नाहीत. बाहेर असताना आलेलं परत आल्यावर मिळत नाही. जुनं राहिलं, कारण ते आधीच तुमच्याकडे होतं. तुम्ही फोनमधून ग्रुप डिलीट केला असता तर तेही गेलं असतं."

"ॲडमिन आहेस ना तू? मग दे की ते निरोप आणून."

"कोणी लिहायचं, कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कुणाचा मेसेज सगळ्यांकडून पुसायचा, एवढं जमतं. तुमचे गेलेले दिवस नाही हो भरता येत." तिने स्वतःचा फोन पुढे केला. स्नेहाचा निरोप तिथे होता, शब्दन् शब्द. खाली दीप्तीनेच लिहिलेलं, 'डबा लतिकाकाकू नेतील.'

बाईंनी ते वाचून फोन परत दिला. मग म्हणाल्या, "मला तरी कळवायचंस."

"चुकलंच. सवयीने लिहून गेले, मग कळवायचं टाळलं. तुम्ही गेल्याचं ॲडमिनला दिसतं, मला दिसलं होतं. मीही रुसलेच होते थोडी."

"मग आता नवीन कुणी आलं तर मी नेते म्हणून लिहू कुठे? कपाळावर?"

"तुम्हालाही ॲडमिन करते. म्हणजे लिहिता येईल. पण जास्वंद टाकलीत तर काढून घेईन."

"घे बाई. झाडाला भरपूर आहेत, तुला घरी आणून देईन."

बाई निघताना दीप्तीने त्यांना ॲडमिन केलं आणि मधले कामाचे चार निरोप फॉरवर्ड केले. स्नेहाचं काही आता करण्यासारखं नव्हतं. पण शेवटच्या निरोपात श्रीरंग नावाच्या कॅप्टनचं बिऱ्हाड होतं, त्याच संध्याकाळी छावणीत येणारं. बाईंनी तिथेच ग्रुपवर एका बोटाने लिहिलं, 'डबा मी नेते.'

घरी येऊन त्यांनी कणीक मळली. दिवेलागणीला क्वार्टरची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या मुलीच्या हातात डबा दिला, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "उसळ जरा तिखट आहे. डब्याची घाई नको," एवढं सांगितलं आणि जिना उतरल्या.