सात दिवसांची मोकळीक

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती, की दातांच्या लॅबमधली टाचणी नवऱ्याकडे जात नाही ती मॅनेजरपायी. हॉस्पिटलची नोकरी चालून आली तरी लाथाडली म्हणे. मॅनेजर टकला, पोट सुटलेला, दुपारी जेवणानंतर खुर्चीतच घोरणारा. तरी लोकांनी त्याला एका महिन्यात मदन करून टाकलं. मीही दोन-चार ठिकाणी ही बातमी मीठमसाला लावून वाढली, खोटं कशाला बोलू?

टाचणी हे नाव तिच्या अंगकाठीवरून पडलेलं. काम मात्र तिचं कुणाच्या तोंडात मारेल असं. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यावर ही ब्रशाच्या टोकानं चिनी मातीचा लेप थरावर थर चढवायची, भट्टीत भाजायची आणि असा दात काढायची, की शेजारचे खरे दात खोटे वाटावेत. ही कला लॅबनंच तिला दोन महिने बाहेरगावी पाठवून शिकवली होती. नवरा दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. सहा वर्षांची मुलगी तिथेच सासूपाशी. टाचणी इथे मामांच्या घरी, शिवणयंत्र आणि कपाट यांच्यामधल्या जागेत झोपायची.

मामा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. चौतीस वर्षं त्यांनी फायलींवर शेरे मारले. निवृत्त झाल्यावर शेरे मारायला फायली उरल्या नाहीत, म्हणून माणसांवर मारायचे. गल्लीतला कुठलाही सरकारी कागद त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. टाचणीचं नेमणूकपत्रही त्यांनीच वाचलं होतं. म्हणजे पहिलं पान. त्यावर हुद्दा होता, पगार होता, सहा महिने प्रोबेशन असं होतं. मागच्या पानावर बारीक अक्षर होतं, आणि मामांचा चष्मा जुना होता. तसं त्यांनी कबूल केलं नाही. 'बाकी सगळं नेहमीचंच' एवढंच म्हणाले.

सहा महिने उलटले, वर्ष उलटलं, दीड वर्ष झालं. कायम केल्याचं पत्र काही आलं नाही. टाचणीला वाटे, सहा महिने झाले म्हणजे आपण आपोआप कायम. पण मध्येच साचे ओतणाऱ्या माणसाला मॅनेजरनं सात दिवसांची नोटीस देऊन घरी पाठवलं. तो तर तिच्याआधी लागलेला. तेव्हा तिनं नवऱ्याच्या शहरात नोकरीसाठी अर्ज टाकले.

अशात एका शनिवारी हॉस्पिटलचं पत्र आलं. नवऱ्याच्या शहरातलं मोठं हॉस्पिटल, दातांचा विभाग, दिवसपाळी. अट एकच: महिन्याच्या आत रुजू व्हायचं आणि आधीच्या ठिकाणाहून रीतसर सुटका झाल्याचं पत्र आणायचं. टाचणीनं ते पत्र मुलीला फोनवर वाचून दाखवलं. मुलीनं विचारलं, "म्हणजे तू इथे झोपणार?" दुसरं काही विचारलं नाही.

टाचणी सोमवारीच राजीनामा द्यायला निघाली होती. मामांनी दारात अडवलं.

"अगं, कच्च्या नोकरीतून उठून येणाऱ्या बाईला पक्की नोकरी कोण देईल? आधी इथे कायम हो. मग मानानं राजीनामा दे. त्याला वजन असतं."

"मामा, पण त्यांनी तर घेतलंय मला."

"त्यांनी घेतलंय! तुला काय कळतंय? चौतीस वर्षं मी काय गवत उपटलं?"

आणि मामांनी सोमवारचा दिवस कारणी लावून स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. काय अर्ज! 'सबब, अर्जदार यांस सेवेत कायम करण्याची कृपा व्हावी' इथवर पोचेपर्यंत वाचणाऱ्याला घाम फुटावा. टाचणीनं खाली सही केली आणि मंगळवारी नेऊन दिला.

मॅनेजर अर्ज वाचून गालात हसला. माणसं कच्चीच ठेवायची त्याची रीत, कारण नको असलेला माणूस सात दिवसांत काढता येतो. पण चिनी मातीचं काम करणारी ती एकटी. तिला तो काढणार नव्हताच, ती जाईल हीच त्याला धास्ती. त्यानं तासाभरात पत्र टंकून आणलं. आजच्या तारखेपासून सेवेत कायम. नेमणूकपत्रातल्या कायम कर्मचाऱ्यांच्या सर्व अटी आजपासून लागू. दोन प्रती. टाचणीनं दोन्हींवर सही केली, आभार मानले आणि बुधवारी राजीनामा घेऊन त्याच टेबलासमोर उभी राहिली.

मॅनेजरनं फाईल उघडली आणि नेमणूकपत्राचं मागचं पान तिच्यापुढे सरकवलं. आयुष्यात प्रथमच तिनं ते वाचलं. लेखी कायम करेपर्यंत प्रोबेशन चालूच राहील, आणि तोवर दोघांपैकी कुणीही सात दिवसांच्या नोटिशीनं संबंध संपवू शकेल. कायम झाल्यावर नोटीस तीन महिने. ती कमी करणं किंवा तिच्याऐवजी पैसे घेणं कंपनीच्या मर्जीवर. आणि कायम झाल्या तारखेपासून दोन वर्षांचा बॉण्ड. आधी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायचा.

"म्हणजे परवापर्यंत…" ती बोटांवर दिवस मोजू लागली.

"परवा आला असतात तर पुढच्या सोमवारी चहा पाजून निरोप दिला असता बाई. नोटीस सात दिवस, बॉण्ड नाही. पण तुम्हाला कायम व्हायचं होतं ना? अर्ज किती सुरेख लिहिलाय."

तो ओरडला नाही, रागावलाही नाही. तिला कुणी खुर्चीला बांधून ठेवत नाही, हेही त्यानं नीट समजावलं. उद्यापासून येऊ नका हवं तर. मात्र सुटकेचं पत्र मिळणार नाही आणि खर्चाची नोटीस घरी येईल. नोटीस कमी करणं त्याच्या मर्जीवर होतं, आणि त्याची मर्जी नव्हती. हाताखाली दुसरी बाई तयार होईपर्यंत तरी नाहीच.

टाचणीनं हॉस्पिटलला फोन केला. पलीकडच्या कारकुनानं सुटकेच्या पत्राशिवाय रुजू करून घेता येणार नाही म्हणून सांगितलं. महिन्याऐवजी तीन महिने थांबणं तर दूरच. यादीत दुसरं नाव होतं. पाचव्या आठवड्यात ते नाव रुजू झालं. बॉण्डचे पैसे नवऱ्यानं उसने आणले असते, पण आता ते भरून जायचं कुठे? तिनं राजीनामा मागे घेतला. मॅनेजरनं तो मोठ्या मनानं परत दिला.

मामांनी काय करावं? ते तिच्यावरच उखडले. सही करण्याआधी वाचता येत नव्हतं का, एवढी शिकलेली बाई! टाचणीनं त्यांना जेवायला वाढलं. त्यांच्याच घरात झोपत होती. मुलीनं मात्र कधी येणार हे विचारणं सोडलं. फोन आला की ती आजीकडे देऊन खेळायला पळायची. नवऱ्याच्या कानावर कुजबुज गेली ती दोन महिन्यांनी. त्यानं एकदाच विचारलं, ते खरं का. ती नाही म्हणाली. त्यानं बरं म्हणून फोन ठेवला, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा करू लागला.

आता कुजबुजीमागचं खरं. टाचणी आणि मॅनेजर यांच्यात कधीच काही नव्हतं. औषधांच्या दुकानात कुणीतरी मामांना विचारलं, की भाची हॉस्पिटलात का गेली नाही. मामा म्हणाले, "तिलाच जायचं नव्हतं. त्या लॅबमध्ये कोणाला सोडवत नाही तिला, देव जाणे." मी त्यांच्या मागेच रांगेत उभा होतो. तिला जायचं होतं. सोमवारी तिला सात दिवस पुरले असते. मंगळवारचा अर्ज मामांच्या अक्षरातला आहे, आणि तो अजून लॅबच्या फायलीत आहे.