काकींच्या वाट्याचा माल

त्या वेळी मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातलं सगळं मलाच कळतं अशा गुर्मीत होते. आमचं कटलरीचं दुकान भाईंदर स्टेशनाजवळ. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत हो. बांगड्या, रिबिनी, पावडर, आरसे, वह्या, पेन्सिली, सगळं. दुकान दोघांचं होतं, अर्धं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि अर्धं काकांचं. हे काका नात्यातले नव्हेत. रत्नागिरीकडचे, अप्पांच्याच गावचे. अप्पा गल्ल्यावर बसायचे आणि काका मुंबईच्या घाऊक बाजारातून माल आणायचे.

सत्तर साल उलटून गेल्यावरची गोष्ट. काका गेले, दोन दिवसांच्या तापात. तेरावं झालं आणि काकी अप्पांना म्हणाल्या, "भाऊजी, आमचा अर्धा वाटा काढून द्या. नवघरला एक गाळा बघितलाय, साडेतीन हजार डिपॉझिट मागतोय. तिथं मी बांगड्या घेऊन बसेन."

पोरगा शाळेत, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. काकींना साडेतीन हजार हवे होते, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं, पण 'माहीत नव्हतं' असं काही म्हणता आलं नाही.

उधारी नव्हती, देणं नव्हतं. वाटायचा होता तो दुकानातला माल. तो केवढ्याचा, इथंच गाडी अडली. काका माल गठ्ठ्याने उचलायचे. बिलावर एकच आकडा, 'संकीर्ण माल' म्हणून. त्यातली कुठली वस्तू कितीला पडली हे काकांच्या डोक्यात होतं, आणि काकाच राहिले नव्हते. प्रत्येक वस्तूवर विक्रीची किंमत मात्र चिकटवलेली होती. काकांची एक सवय कामी आली. गठ्ठा सोडून लेबलं लावून झाली, की त्या सगळ्या लेबलांची बेरीज ते बिलाच्या पाठीवर लिहून ठेवत.

दुकान बंद ठेवून आम्ही लेबलांप्रमाणे माल मोजला. सात हजार आठशे चाळीस रुपये.

"म्हणजे माझे एकोणचाळीसशे वीस," काकी म्हणाल्या. त्यांनी ते तोंडीच केलं होतं. चेहरा जरा उजळलासुद्धा.

अप्पा म्हणाले, "वहिनी, लेबलात आपला नफा चढवलेला आहे. आपण मालावर तिसरा हिस्सा चढवतो. तेव्हा तेहेतीस टक्के कापायला हवेत."

तेहेतीस टक्के कापले असते तर काकींच्या हातात जेमतेम सव्वीसशे पडले असते. आणि इथं मी मध्ये तोंड घातलं. काय तो आवेश माझा! बिलं पसरली. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला शिल्लक होता तो माल आणि त्यानंतर आलेला माल, दोन्ही मिळून खरेदीने अठरा हजारांचा, लेबलांप्रमाणे चोवीस हजारांचा.

"अप्पा, तिसरा हिस्सा चढतो तो खरेदीवर. पंचाहत्तरचे शंभर होतात. पण आपण कापतोय शंभरातून, मग कापायचे पंचवीस. तेहेतीस कापले तर खरेदीच्याही खाली जाल."

अप्पा कावरेबावरे झाले. त्यांची चूक मुद्दामची नव्हती, धंद्यातले निम्मे लोक तशीच करतात. मी थांबते कसली! बांगड्यांवर जास्त चढतं, वह्यांवर कमी, पण फळीवर उरलेला माल साधारण आणला होता त्याच मिश्रणाचा आहे, म्हणून सरासरी लावायला हरकत नाही, हेही ऐकवलं. चोवीस हजारांतून वर्षाची विक्री सोळा हजार वजा केली तर आठ हजारांचा माल दिसायला हवा. एकशे साठ कमी भरले. ते फुटलं असेल, कोणी उचललं असेल, काकांनीच कोळणींना रुपया-आठ आणे सोडले असतील. म्हणून जे मोजलं तेच धरायचं. सात हजार आठशे चाळीसचे पंचाहत्तर टक्के, पाच हजार आठशे ऐंशी. अर्धे दोन हजार नऊशे चाळीस.

मला वाटलं, काकी माझ्या पाठीवरून हात फिरवतील. बापाच्या तोंडातून तीनशेच्या वर रुपये काढून दिले होते ना मी त्यांना!

काकींनी विचारलं, "हाच माल उद्या लेबलाच्याच किमतीला जाणार ना गं?"

"हो. पण नफा विकल्यावर होतो, काकी. माल फळीवर आहे तोवर तो खरेदीच्याच किमतीला धरायचा."

"मग मी थांबते की. विकला जाईल तसे द्या मला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कळली. काकी थांबल्या असत्या तर दिवाळीचा नफा अर्धा झाला असता. काकी दुकानात बसल्या असत्या, तेही अप्पांना नको होतं. आणि मी, हुशार मुलगी, पुस्तकात वाचलेलं बोलले.

"भागीदार गेला की भागीदारी संपते, काकी. कायदाच आहे."

कायदा होता, खोटं नाही बोलले मी. पण अप्पा आणि काकींनी मिळून ठरवलं असतं तर थांबताही आलं असतं, हे त्याच पुस्तकात पुढे होतं. ते मी वाचलं होतं आणि सांगितलं नाही. काकी म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, तू सांगतेस तर बरोबरच असणार." त्यांनी सही केली. अप्पा त्या रात्री मला म्हणाले, "पोरी, तुझं शिक्षण फुकट नाही गेलं." मला तेव्हा ते गोड लागलं, आजही त्याचीच लाज वाटते.

नवघरचा गाळा गेला. काकींनी मुदत मागितली, पण मालकाने दुसऱ्याला दिला. हातातले पैसे हळूहळू घरातच मुरले आणि काकी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश केलेली भांडी पुसून कागदात गुंडाळायला जाऊ लागल्या. आमच्याकडे दिवाळी झकास झाली. फळ्या रिकाम्या झाल्या, अप्पांनी दुकानाला रंग काढला. मी परीक्षेत पहिल्या वर्गात आले. स्टॉकच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले असणार, तेवढा पाठ झाला होता मला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी मी गल्ल्यावर होते. काकी आल्या, कारखान्यातून थेट. नखांत पॉलिशचा काळा थर. पोराला कंपासपेटी हवी होती. मी खालच्या फळीवरची, जुन्या मालातली उरलेली काढून दिली. त्यावर काकांच्या हातचं लेबल होतं, चार रुपये.

"ही तेव्हा तीनला धरली होतीस ना?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच नीट समजून घेत होत्या बाई.

"काकी, राहू दे पैसे. घेऊन जा."

"छे छे. धंदा आहे." त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चार रुपये मोजून माझ्यासमोर ठेवले, आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता झाला ना गं नफा?"

मी हो म्हटलं आणि ते चार रुपये गल्ल्यात टाकले.