तात्यांचा अंगठा

आमच्या कोपऱ्यावर टायरचं दुकान चालवणारे तात्या चष्मा लावत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "टायर म्हणजे काय सिनेमा आहे, डोळ्यांनी बघायला?" गाडी आली की ते स्टुलावर बसत आणि टायरच्या बाजूवरून उजवा अंगठा फिरवत. "नव्वद, शंभर, दहा. त्रेपन्न जे." मग समोरच्याला उलगडून सांगत: रुंदी नव्वद मिलिमीटर, उंची तेवढीच, आत रिम दहा इंची, त्रेपन्न म्हणजे एका टायरने दोनशे सहा किलो पेलायचे आणि जे म्हणजे ताशी शंभरपर्यंतचा वेग. हे ऐकायला लोक उगाच थांबत. तात्यांनाही ते आवडे.

त्यांना मोतीबिंदू झालाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ऑपरेशनचा विषय काढला की ते हवेचा पंप सुरू करत. त्या आवाजात बोलणार कोण?

मुलगा परगावी नोकरीला. सून दुकानात मदत करायची. हवा भरायची, चाकं खोलायची. पण टायर पास की नापास, हे मात्र तात्यांनीच सांगायचं. तिथे दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे.

माझ्या लेकीला नवी नोकरी लागली, तेव्हा आम्ही तिच्यासाठी एक वापरलेली स्कूटर घेतली. रुजू व्हायच्या आधी टायर दाखवून घ्यावेत म्हणून मी ती तात्यांकडे नेली.

मागचं चाक त्यांनी हातानेच निकालात काढलं. "वहिनी, हा गोटा झालाय. इथे बोट लावा." टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण होता. त्याच्या रेषेत, खाचेच्या तळाशी रबराची आडवी पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. इथे तर बोटाला खाच लागतच नव्हती.

पुढच्या टायरची नक्षी मात्र छान खोल होती. पट्टी पार तळाशी. "आधीचे मालक म्हणाले, हा नवाच आहे," मी म्हटलं.

तात्यांनी अंगठ्याने टायर कधी बनला ते सांगणारा चार आकडी शिक्का शोधला. "चोवीस, अठरा. म्हणजे अठरा सालचा चोविसावा आठवडा. पाच वर्षं झाली. पोरगी अजून थोडे दिवस खुशाल फिरवेल."

सून मागचं चाक खोलत होती. ती हात पुसत उठली, पुढच्या टायरपाशी बसली. टायर दाबून बघितला. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या.

"बाबा, पाच वर्षांत एवढं रबर सुकतं का?"

"उन्हात उभी असेल गाडी."

"असेल." तिने खिशातला खडू काढला, शिक्का ओल्या फडक्याने पुसून कोरडा केला आणि त्यावर खडू आडवा घासला. उठावाचे आकडे पांढरे होऊन वर आले: दोन, चार, एक, तीन.

तेरा सालचा. दहा वर्षांचा टायर. बाहेरून तरणाताठा आणि आतून खिळखिळा. ब्रेक दाबल्यावर असं कडक रबर रस्ता धरत नाही, हे तात्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

"तीनचा आठ वाटला," सून हळूच म्हणाली. "शिक्क्यात माती भरली होती. मलाही तेच वाटलं असतं."

"तू थापा मारू नकोस," तात्या म्हणाले. त्यांनी अंगठा परत त्या आकड्यावरून नेला, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिथे. "वहिनी, लेक कुठल्या रस्त्याने जाणार?"

"उताराच्या."

मला वाटलं, आता पंप सुरू करतील.

"दोन्ही बदल," ते सुनेला म्हणाले. "नव्यांचे शिक्के तूच बघ. मला काही विचारू नकोस."

तिने दोन टायर काढले, शिक्के वाचले, त्यातला एक परत ठेवून त्याच्याऐवजी दुसरा आणला. "तो दोन वर्षं पडून आहे, बाबा. चालला असता, पण यांना ताजा देते." तात्यांनी नुसती मान हलवली. टायर चढवताना तिने बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते पाहिलं.

"अहो, दुकान बंद राहील म्हणून तर ऑपरेशन करत नव्हतात ना?" मी विचारलं.

"दुकान कशाला बंद राहतंय?" तात्या जरा चिडूनच म्हणाले. "ही आहे की." आणि सुनेला म्हणाले, "त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लाव. आणि आधी हात धू, फोन काळा होतो."

ती हात न धुताच फोन लावायला लागली. उशीर केला तर सासरे विचार बदलतील, हे ती चांगलं ओळखून होती.