दुकानात चिठ्ठी नको, घरी तार नको

मले बोलता आलं तवापासून मी दुसऱ्याच्याच आवाजात बोलत आलो. शाळेत एकदा हेडमास्तरच्या आवाजात खिडकीतून ओरडून बाजूच्या वर्गाले सुट्टी देऊन टाकली. पोरं घरी गेली, अन् मी आठ दिवस बाकावर उभा राह्यलो. तरी अक्कल आली नाही. माणूस दिसला की आधी त्याचा घसा कसा चालते ते पाहाचं, मंग त्याचं नाव विचाराचं, असा माहा हिशोब.

तेवीस वर्षांचा होतो तवा अमरावतीत एका दुकानात नोकरीले होतो. डिझेल इंजनं अन् पाण्याचे पंप विकाचं दुकान. माहं काम फिरतीचं. इंजन बैलबंडीवर घालून विहिरीवर न्याचं, चालू करून दाखवाचं, पाणी बदाबद पडलं की शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहाचं. मेळघाटात धारणीकडेही गेलो, जीपमध्ये हाडं मोजत. पण माहा खरा इलाका अकोल्याकडचा. दर गुरुवारी अकोल्यात मुक्काम.

दुकानाच्या मालकाले आमी सारे भाऊसाहेब म्हणत होतो. तोंडानं फटकळ, पण इंजनाचा आवाज आयकून आजार ओळखाले त्याइनंच मले शिकवलं. 'नक्कल्या' म्हणत मले. पगार मात्र नक्कल केल्यासारखाच देत, दिसाले पगार, हातात घेतला तं नाही.

एका गुरुवारी अकोल्याच्या बसस्टँडवर चहा पिऊन राह्यलो होतो तं एक पन्नाशीचे गृहस्थ समोर येऊन बसले. पांढरा कोट, नाकावर खाली आलेला चश्मा. म्हणाले, "हिवरखेडच्या एका बागायतदारांनी तुमचं नाव सांगितलं. त्यांच्या विहिरीवर तुम्ही इंजिन बसवलं. मला पाच मिनिटं द्याल का? इथे नको. माझ्या खोलीवर."

त्याइची खोली कागद-पेन्सिलीच्या दुकानावर होती. आधी एका गिरणीत ते नोकरभरतीचं काम पाहात. आता मुंबईच्या मोठ्या कंपन्या, कधीमधी इकडचे दुकानदारही, त्याइले सांगत, अमुक भागात अमुक कामाले माणूस पाहिजे. मंग हे माणूस शोधत, पारखत अन् पाठवत. पैसा कंपनीकडून, उमेदवाराकडून एक दमडी नाही. आमच्याकडे अशा धंद्याले नावच नव्हतं. लोक नुसतं 'अकोल्याचे साहेब' म्हणत.

साहेब म्हणाले, "एका पंपाच्या कंपनीला वऱ्हाडात स्वतःचा माणूस हवाय. चार जिल्हे. पगार तुमच्या आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. फिरायला मोटारसायकल. असो, असो." दर दोन वाक्यांनी ते 'असो, असो' म्हणत, अन् म्हणताना चश्मा काढून हातरुमालानं पुसत. काच स्वच्छ असली तरी.

मोटारसायकल आयकून माह्या पोटात इंजन सुरू झालं. पण भीतीही वाटली. म्हणलं, "साहेब, एक सांगतो. आमच्या भाऊसाहेबाले कळलं तं ते मले त्याच दिवशी काढतीन. तुमची नोकरी भेटली नाही तं मी दोन्हीकडून गेलो. घरी म्हातारी माय हाये. तुमी त्याइले काही सांगू नका. विचारूही नका माह्याबद्दल."

ते म्हणाले, "नाही विचारणार. तुमच्या मालकांकडे चौकशी होईल ती कंपनीचं पत्र तुमच्या हातात पडल्यावर आणि तुम्ही हो म्हटल्यावरच. तोवर तुमच्याबद्दल मी त्या बागायतदारांना विचारीन आणि तुमच्या एखाद्या मास्तरांना. चालेल?"

"मास्तर नको साहेब," मी म्हणलं. "त्याइनं सुट्टीचा किस्सा सांगतला तं झालं माहं."

ते हसले. मंग वही काढली. "कंपनीला आधी तुमची माहिती नावाशिवाय पाठवीन. त्यांनी रस दाखवला, की तुम्हाला विचारून मगच नाव. आता, तुमच्याशी बोलायचं कसं? दुकानात फोन आहे?"

"हाये, पण भाऊसाहेबाच्या पुढ्यात. तुमचा फोन आला तं तेच उचलतीन, अन् वरून विचारतीन, कोन बोलून राह्यलं."

"मग दुकानात फोन नाही, चिठ्ठीही नाही. घरी तार?"

"तार तं अजिबात नको. आमच्या घरी तार आली की आधी रडणं सुरू होते, मंग ती वाचते कोणी."

शेवटी असं ठरलं. पत्र बंद पाकिटात, बाहेर पाठवणाऱ्याचं नाव नाही, अन् पत्ता माह्या भाऊजीचा, म्हणजे अमरावतीतच राहणाऱ्या बहिणीच्या नवऱ्याचा. पोस्टकार्ड कधीच नाही, कारण आमच्या गल्लीत पोस्टकार्ड पोस्टमन अन् शेजारीण आधी वाचतात. बाकी बोलणं गुरुवारी, त्याइच्याच खोलीवर, अन् बाहेर भेटलो तं ओळख नाही दाखवाची.

उठता उठता साहेब म्हणाले, "आता माझी एक अट. कंपनीचं नाव तुम्हीही कुठे बोलायचं नाही. त्यांचा इकडचा जुना एजंट अजून कामावर आहे. आणि एक सांगतो, रागावू नका. माझ्याकडून फुटत नाही. फुटतं ते बहुतेक उमेदवाराच्याच तोंडून. असो, असो."

"माह्या तोंडातून? साहेब, मी दगड हाये."

महिन्याभरात भाऊजीच्या घरी पहिलं पाकीट आलं. कंपनीले रस होता, नाव पाठवू का, असं विचारलं होतं. पुढच्या गुरुवारी मी जाऊन हो म्हणलं. सारं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

मंग खंडेनवमी आली. आमच्या दुकानात त्या दिवशी पान्हे, हातोडे, इंजनं धुवून-पुसून त्याइले झेंडूच्या माळा घालत. पूजा झाली की चहा, चिवडा, अन् त्याच्यानंतर माहा खेळ. हा दर सालचा रिवाज. मी बस कंडक्टर करे, तालुक्याचा साहेब करे, खुद भाऊसाहेबालेही करे, अन् सगळ्याइच्या आधी तेच हसत.

त्या साली दोनतीन नकला झाल्या तं भाऊसाहेब म्हणाले, "अबे, हे तं मागच्या सालचं शिळं हाये. नवीन काही हाये का नाही?"

नवीन तं माह्या घशात महिनाभर नाचून राह्यलं होतं. मी हातरुमाल काढला, नाकावर खोटा चश्मा सरकवला, अन् सुरू झालो. "तुमच्या मालकांना मी काही विचारणार नाही. तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही. पत्र बंद पाकिटात. असो, असो."

सारे पोट धरून हसले. भाऊसाहेबही हसले. म्हणाले, "हा कोन रे?"

"असाच एक, बसमध्ये भेटला होता."

"पुन्हा करून दाखव."

मी पुन्हा केलं, पहिल्यापेक्षा चांगलं. या वेळेस त्याइच्या हसण्यात थोडा उशीर होता. पण टाळ्या वाजून राह्यल्या होत्या, अन् टाळ्यात मले दुसरं काही आयकू येत नाही.

सोमवारी भाऊसाहेबानं माही फिरती बंद केली. "तू आता दुकानातच बस. अकोल्याले दुसरा पोरगा जाईन." कारण सांगतलं नाही. शिव्याही दिल्या नाही, अन् त्याचीच मले जास्त भीती वाटली. त्याच आठवड्यात भाऊजीकडे दुसरं पाकीट आलं, मुंबईले भेटीचं बोलावणं. माह्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली होती. भाऊसाहेबाले कळलं. मंग सांगतलं कोणं? हे फक्त दोघाले माहीत, भाऊजी तं पाकीट न उघडताच देत. मी तं सांगतलं नाही.

रविवारी सकाळी मी अकोल्याले गेलो. साहेबाच्या खोलीत निळ्या शर्टातला एक माणूस खुर्चीच्या काठावर बसला होता. मी नमस्कार-चमत्कार न करता साहेबावरच सुरू झालो.

"तुमीच सांगतलं भाऊसाहेबाले! दोन्हीकडून पैसा खाता काय?"

साहेब उभे राह्यले. "मी त्यांना चार वर्षांत भेटलेलो नाही. बसा. काय झालं ते नीट सांगा, आपण शोधू कुठून गेलं ते."

मी बसलो नाही. उलट त्या निळ्या शर्टाकडे वळून म्हणलं, "भाऊ, जपून राहा. इथं आज बोललेलं उद्या तुमच्या मालकाच्या टेबलावर राहीन." अन् मंग मी जे केलं ते मले अजून सहन होत नाही. साहेबाच्या तोंडासमोर, त्याइच्याच आवाजात म्हणलं, "माझ्याकडून फुटत नाही. असो, असो."

निळा शर्ट गुपचाप उठला अन् जिना उतरून गेला. साहेबानं त्याले हाक मारली नाही. माह्याकडेही पाह्यलं नाही. टेबलावरची वही बंद करून म्हणाले, "तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर तुम्हाला पुढे पाठवणं बरोबर नाही. कंपनीला कळवतो, उमेदवाराने नाव मागे घेतलं. कारण लिहिणार नाही. तुमच्या दुकानाचं नावही त्या पत्रात नसेल."

मले वाटलं, चोर सापडला.

पुढचा उन्हाळा आला तं दुकानाचा मोठा मिस्त्री सुट्टीवर होता. मी अन् भाऊसाहेब एक पंप उघडून बसलो होतो. हात ग्रीसनं भरलेले. ते एकाएकी म्हणाले, "मुंबईची नोकरी भेटली नाही काय रे तुले?"

मी पान्हा खाली ठेवला. "कोणं सांगतलं तुमाले?"

"अबे, तूच तं सांगतलं! खंडेनवमीले. आपला मोठा मिस्त्री कुठून आणला म्हणतं? त्याच अकोल्याच्या साहेबाकडून. मी सोता त्याइच्या खोलीवर खुर्चीत बसलो होतो. तो रुमाल, तो चश्मा, सारं ओळखलं मी. अन् वरून तू म्हणून राह्यला, मालकाले सांगणार नाही. एवढं कळाले मले काय कलेक्टर व्हा लागते?"

"मंग मले काढलं काऊन नाही?"

"काढाचंच होतं. पण तुही माय हाये घरी. अन् इंजन तुले समजते." पंपाकडे पाहातच म्हणाले, "मले वाईट वाटलं होतं. तू मले सरळ विचाराचं होतं."

त्या पंपाचे नट कुठं ठेवले ते मले आठवेना.

पुढच्या रविवारी अकोल्याले गेलो. साहेब खोलीवर होते, एकटेच. मी सारं सांगतलं, खंडेनवमी, नक्कल, टाळ्या. माह्याच आवाजात सांगतलं, अन् तो आवाज मले फार बारीक वाटला. त्याइनं शेवटपर्यंत आयकलं. चश्मा काढला नाही.

म्हणाले, "ती जागा भरली. नागपूरचा एक जण गेला."

"जागेसाठी नाही आलो साहेब. तो निळ्या शर्टातला माणूस त्या दिवशी उठून गेला. तो पुन्हा आला का?"

"नाही. आणि त्याने आणखी दोघांना सांगितलं असावं. तेही आले नाहीत."

म्हणलं, "मले त्याचं नाव द्या, गाव सांगा. मी जाऊन त्याच्या पाया पडतो. सांगतो, खोटं बोलत होतो मी."

साहेबानं माह्याकडे पाह्यलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तं बरं झालं असतं.

"तो त्या दिवशी इथे आला होता, हे त्याच्या मालकाला माहीत नाही," ते म्हणाले. "त्याचं नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही."